गॅसची सबसिडी जमा झाली, पण कुठे?

पुण्यातल्या एका गॅस एजन्सीच्या काउंटरवर मी बरीच वर्षं बसले. सिलिंडर कधी येणार, शेगडीचा पाइप बदलून मिळेल का, हे रोजचे प्रश्न. पण आवाज चढायचा तो एकाच प्रश्नाला: "आमची सबसिडी का नाही आली?" विचारणाऱ्याला वाटायचं की पैसे आमच्या गल्ल्यात अडकलेत. आम्हाला वाटायचं, यांना आता कसं समजावायचं? मागे रांग, आणि समजावायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं आज निवांत घेते.

मार्च 2025 मधली गोष्ट सांगते. पर्वती पायथ्याजवळ राहणाऱ्या, चार घरी स्वयंपाकाची कामं करणाऱ्या एक मावशी काउंटरवर आल्या. नाव बदलून सांगते, सुनंदाताई. उज्ज्वला योजनेतलं कनेक्शन. हातात गॅसचं पुस्तक आणि ताजी एंट्री मारून आणलेलं बँकेचं पासबुक. "मॅडम, बघा. सप्टेंबर, ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी. चार टाक्या घेतल्या, पूर्ण पैसे मोजले. एकाचेही तीनशे आले नाहीत. बँकवाला म्हणतो गॅसवाल्याला विचारा."

बँकवाला गॅसवाल्याकडे पाठवतो आणि गॅसवाला बँकवाल्याकडे, यात लोकांच्या चपला झिजतात. सुनंदाताईंचे बाराशे रुपये मात्र कुठेही अडकले नव्हते. ते कुठे होते ते पुढे येईलच. त्याआधी एक गैरसमज काढून टाकू.

मुळात तुम्हाला सबसिडी आहे का?

काउंटरवर विचारणाऱ्या दहांतल्या कित्येकांचं उत्तर इथेच संपायचं. पूर्वी सिलिंडरची एक बाजारभावाची किंमत असे आणि एक सवलतीची. ग्राहकानं बाजारभाव मोजायचा आणि मधला फरक त्याच्या खात्यात जमा व्हायचा. या थेट जमा करण्याच्या योजनेचं नाव 'पहल'. 1 जानेवारी 2015 पासून ती देशभर लागू झाली.

मे 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात गॅस इतका स्वस्त झाला की फरकच उरला नाही. दिल्लीत सिलिंडर एका फटक्यात 744 वरून 581.50 रुपयांवर आला. फरक शून्य, म्हणून सबसिडीही शून्य. पुढे भाव चढले, पण पुण्यासारख्या शहरातल्या साध्या ग्राहकाची सबसिडी काही परत सुरू झाली नाही. कुणाचा कोथरूडला फ्लॅट, कनेक्शन साधं, आणि पासबुकात 2020 नंतर गॅसची नोंद नाही, तर बिघाड कुठेच नाही. तक्रार करून काहीही निष्पन्न होणार नाही.

यावर कुणी म्हणेल, मग सरकार गॅसवर पैसे खर्च करतं म्हणतात ते कुठे जातात? घरगुती सिलिंडर खर्चापेक्षा कमी दरात विकल्याचा तोटा भरून काढायला सरकारनं तेल कंपन्यांनाच रक्कम दिली आहे. 2022 मध्ये 22,000 कोटी आणि 2025 मध्ये 30,000 कोटी मंजूर झाले. म्हणजे आधार मिळतो तो दुकानातल्या किमतीत, तुमच्या खात्यात नाही.

खात्यात पैसे येतात ते उज्ज्वलाच्या ग्राहकांना. मे 2022 पासून सिलिंडरमागे 200 रुपये आणि ऑक्टोबर 2023 पासून 300. आधी वर्षाला बारा सिलिंडरपर्यंत मिळायचे, 2025-26 साठी ही संख्या नऊवर आली. महाराष्ट्रात याशिवाय मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आहे. तिच्यात उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीणच्या पात्र महिलांना वर्षाला तीन सिलिंडरचे पैसे मिळतात, पण कनेक्शन बाईच्या नावावर हवं. पुण्यात हे फार ठिकाणी अडतं, कारण गॅस घेतला तेव्हा नाव नवऱ्याचं लावलेलं असतं. अन्नपूर्णाची रक्कम केंद्राच्या तीनशेपासून वेगळी येते आणि वेगळ्या दिवशी येते, त्यामुळे दोन्ही एकत्र शोधू नका.

सुनंदाताई उज्ज्वलातल्या. म्हणजे त्यांचा प्रश्न खरा होता.

पैसे निघतात कुठून?

एक गोष्ट आधी ठाम सांगते, कारण भांडण इथेच होतं. सबसिडीचा एक रुपयाही एजन्सीच्या हातातून जात नाही. डिलिव्हरीवाला टाकी देतो, तुम्ही मोबाईलवर आलेला कोड त्याला सांगता आणि एजन्सीच्या संगणकात ती टाकी 'दिली' म्हणून नोंदली जाते. ही नोंद कंपनीकडे गेली की कंपनी बँकेमार्फत पैसे पाठवते. साधारण दोन-चार दिवसांत ते पोहोचायला हवेत. बुकिंग केलं त्या दिवसापासून मोजू नका. टाकी घरात आली आणि नोंद झाली, तिथून मोजा.

आता मुख्य भानगड. कंपनी पैसे पाठवते तेव्हा तिच्याजवळ तुमचा खाते क्रमांक असेलच असं नाही. बहुतेकांच्या बाबतीत ती फक्त आधार क्रमांक पुढे करते आणि म्हणते, या आधारवाल्याला तीनशे द्या. कुठल्या बँकेत द्यायचे हे एक मोठी यादी ठरवते. सगळ्या बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे ही यादी असते. तिला 'मॅपर' म्हणतात. सबसिडी अडते ती बहुतेक वेळा या मॅपरपाशी.

मॅपर म्हणजे पोस्टमनची वही समजा. वहीत प्रत्येक माणसासमोर एकाच वाड्याचं नाव लिहिलेलं असतं. तुम्ही शनिवार पेठेतून नारायण पेठेत राहायला गेलात आणि नवा वाडा नोंदवलात, तर जुना वाडा खोडला जातो. दोन्ही पत्ते एकाच वेळी चालू राहत नाहीत. आणखी गंमत म्हणजे वहीत खोलीचा नंबर नसतो. मॅपरला बँक माहीत असते, तुमचं खातं नाही. पैसे बँकेच्या दारात पोहोचले की कुठल्या खोलीत द्यायचे हे ती बँक आपल्या नोंदीवरून ठरवते. एकाच बँकेत दोन खाती असतील तर त्या बँकेनं आधारासमोर जे लावून ठेवलंय त्यात पैसे पडतात, आणि ते तुमच्या मनातलं खातं असेलच असं नाही.

"पण माझं आधार बँकेला लिंक आहे!"

हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेन, आणि म्हणणारा खोटं बोलत नसतो. बँकेत खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली, ओळख पटली, खात्याला आधार जोडलं गेलं. पण ही झाली ओळखीपुरती जोडणी. मॅपरच्या वहीत वाडा नोंदवणं हे त्याहून वेगळं काम. त्याला बँकेत 'सीडिंग' म्हणतात आणि त्यासाठी तुमची वेगळी संमती लागते. तुमची आधारजोडणी पाच बँकांत असू शकते. सीडिंग एकाच बँकेत असतं, आणि ज्या बँकेनं ते शेवटी केलं ती खरी.

काउंटरवरच्या क्लार्कला "आधार लिंक करा" म्हटलंत तर तो पडद्यावर बघून "आहे की लिंक" म्हणेल आणि तुम्ही परत याल. "सरकारी अनुदानासाठी आधार सीडिंग करायचंय" असं म्हणा. फॉर्म वेगळा मिळतो. आधी दुसऱ्या बँकेत सीडिंग होतं का, हे त्यात विचारतात. होतं असेल तर तिचं नाव लिहावं लागतं.

या संमतीचं महत्त्व 2017 साली सगळ्या देशाला कळलं. एका मोबाईल कंपनीच्या पेमेंट्स बँकेनं सिमकार्डाची आधार पडताळणी करताना ग्राहकांच्या नावानं खाती उघडली. त्यातल्या कित्येकांना त्याचा पत्ताच नव्हता. खातं उघडलं, सीडिंग झालं आणि गॅसची सबसिडी तिकडे वळली. तीस लाखांहून जास्त ग्राहकांचे मिळून सुमारे 190 कोटी रुपये त्या खात्यांत गेले होते. आधार प्राधिकरणानं कारवाई केली आणि पैसे लोकांच्या मूळ खात्यांत परत पाठवले गेले. तेव्हा आमच्या काउंटरवरही रांग लागली होती, आणि पहिले काही दिवस आम्हालाही कळेना की पैसे जातात कुठे.

सुनंदाताईंच्या तीनशेचा माग

आम्ही आधी कंपनीच्या नोंदी पाहिल्या. हे तुम्ही घरीही पाहू शकता. `mylpg.in` वर जाऊन आपली कंपनी निवडायची आणि सतरा आकडी एलपीजी आयडी किंवा नोंदवलेल्या मोबाईलवरून आत शिरायचं. प्रत्येक सिलिंडरची तारीख, सबसिडीची रक्कम आणि ती पोहोचली की परत आली, हे तिथे दिसतं. सुनंदाताईंच्या चारही टाक्यांसमोर लिहिलं होतं की पैसे जमा झाले. पण बँकेच्या जागी नाव होतं पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं.

"पोस्टात खातं आहे का तुमचं?"

"आहे ना. लाडक्या बहिणीसाठी उघडलं. पण ते लाडक्या बहिणीचं आहे, गॅसचं इकडे आहे," असं म्हणून त्यांनी पासबुकावर बोट ठेवलं.

त्यांच्या मनातली ही वाटणी मला अगदी पटली. आपण घरात नाही का किराण्याचा डबा वेगळा आणि फीचा डबा वेगळा ठेवत? मॅपरकडे असे डबे नसतात. एका आधाराला एकच बँक, मग पैसे लाडक्या बहिणीचे असोत की गॅसचे. ऑगस्ट 2024 मध्ये आधारशी जोडलेलं खातं हवं म्हणून सुनंदाताईंनी पोस्टात खातं उघडलं, तेव्हा संमती देऊन अंगठा लावला आणि वहीतला वाडा बदलला. त्या दिवसापासून गॅसचे पैसेही तिकडेच जायला लागले. पोस्टानं काही चुकीचं केलं नव्हतं, उलट सांगितलं तेच केलं होतं.

"मग मला दिसले कसे नाहीत?" हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. पोस्टमनदादा घरी यायचे आणि या अंगठा लावून नेमके दीड हजार काढायच्या. शिल्लक कधी विचारलीच नाही. मेसेज जायचे मुलाच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर वर्षभरापूर्वी बंद झालेला.

दुसऱ्या दिवशी त्या पोस्टात गेल्या. खात्यात 2,460 रुपये होते. खातं उघडताना भरलेले 200, गॅसचे चार वेळा 300, म्हणजे 1,200, आणि 530 च्या दोन नोंदी. त्या 530 अन्नपूर्णाच्या. उज्ज्वलावाल्या बाईला केंद्राचे 300 मिळतातच, म्हणून राज्य वर 530 देतं. त्या आपल्याला मिळाल्याचं सुनंदाताईंना ठाऊकच नव्हतं. तक्रार केली होती बाराशेची आणि निघाले त्याच्या जवळजवळ दुप्पट.

जेव्हा पैसे खरंच परत जातात

सगळ्यांची गोष्ट इतकी सुखान्त नसते. कधी नोंदीत 'जमा झाले' ऐवजी 'परत आले' असं दिसतं. मग कारण वाचा, त्यातच पुढचा रस्ता असतो. आधार कुठल्याही बँकेशी जोडलेलं नाही, असं दिसलं तर वहीत वाडाच नाही. ही बहुधा जुनं खातं बंद केलेल्यांची अडचण. खातं बंद किंवा गोठवलेलं, असं दिसलं तर वाडा आहे पण खोलीला कुलूप. अशा वेळी सही आणि केवायसीची कागदपत्रं घेऊन बँकेत जायचं. कमी कागदपत्रांवर उघडलेल्या जनधन खात्याला वर्षाला एक लाखाच्या जमेची मर्यादा असते. मुलाचा पगार किंवा भिशी त्याच खात्यात फिरवली तर मर्यादा भरते आणि मग तीनशेही आत घेतले जात नाहीत. हे कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

आणखी एक आहे अंगठा. उज्ज्वलाच्या ग्राहकाला दर आर्थिक वर्षात एकदा आधारची बायोमेट्रिक पडताळणी करावी लागते. ती एजन्सीत होते, डिलिव्हरीवाल्याच्या मोबाईलवर होते किंवा घरी कंपनीच्या अॅपवर चेहरा दाखवूनही होते. भांडी घासून बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या बायकांचा अंगठा यंत्र घेत नाही, हे मी रोज पाहिलंय. तेव्हा चेहऱ्याचा पर्याय मागा. पडताळणीसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका, त्याला शुल्क नाही.

परत गेलेले पैसे कंपनीकडे जातात. आधी सीडिंग दुरुस्त करा आणि मग तक्रार करा. आधीच तक्रार केलीत तर पुन्हा पाठवलेली रक्कम त्याच कुलपावर आपटून परत येईल. हेल्पलाइन 1800-2333-555 वर सांगताना किंवा एजन्सीत लिहून देताना "सबसिडी आली नाही" एवढंच लिहू नका. कुठल्या तारखेच्या कुठल्या टाकीची, आणि नोंदीत परत येण्याचं कारण काय दिसतंय, ते लिहा. तक्रार क्रमांक गॅसच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा.

सीडिंग सध्या कुठे आहे हे बँकेत न जाताही कळतं. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीनं आत गेलं की `Bank Seeding Status` असा पर्याय आहे. बँकेचं नाव, नोंद चालू आहे की नाही, आणि ती शेवटी कधी बदलली, हे तिथे दिसतं. ती तारीख नीट बघा. सबसिडी यायची थांबली त्याच सुमाराची असेल, तर वेगळा शोध घ्यायची गरज नाही.

म्हणजे एजन्सीवाले धुतल्या तांदळाचे?

असं मी कशाला म्हणेन? मी त्यांच्यातच होते. सबसिडी त्यांच्या हातात नसते, पण ती ज्या नोंदीवर निघते ती असते. टाकी देऊन आठवडाभर नोंद केली नाही, की पैसे आठवडाभर उशिरा निघतात. हा आळस झाला. त्यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे तुमच्या नावावर तुम्ही न मागितलेली टाकी नोंदवून ती वडापावच्या गाडीवर किंवा हॉटेलात चढ्या भावानं पोहोचवणं. तुम्हाला त्याचा पत्ता लागत नाही, पण वर्षाच्या नऊ टाक्यांतली एक तुमच्या खिशातून गेलेली असते. मग तुमच्या हिशेबानं नववी टाकी कंपनीच्या हिशेबानं दहावी निघते आणि तिच्यावर सबसिडी येत नाही.

हे पकडायचा उपाय सोपा आहे. `mylpg.in` वरची सिलिंडरची यादी आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर शेजारी ठेवा. आपल्याकडे बहुतेक घरांत टाकी लावली की तारखेवर गोल करायची सवय असतेच. यादीत गोल नसलेली तारीख दिसली तर कंपनीकडे लेखी तक्रार करा, एजन्सीकडे तोंडी नको. आणि डिलिव्हरीचा कोड टाकी दारात आल्याशिवाय कुणाला सांगू नका. "ताई, कोड सांगून ठेवा, संध्याकाळी आणून देतो" म्हणणारा माणूस बहुतेकदा फक्त आपली खेप वाचवत असतो, पण तेवढ्यानं नोंद मात्र होऊन जाते.

एजन्सीकडून हक्कानं मागायच्या गोष्टीही आहेत. तुमच्या कनेक्शनवरचा आधार क्रमांक बरोबर आहे का ते तपासणं, मोबाईल नंबर बदलून देणं, बायोमेट्रिक करून घेणं आणि प्रत्येक टाकीची सबसिडी कुठे गेली हे पडद्यावर दाखवणं. हे त्यांचं कामच आहे. "बँकेत जा" एवढं सांगून बोळवण करू लागले तर म्हणा, "जाते, पण आधी कुठल्या बँकेत गेले ते दाखवा."

खातं जुन्या बँकेत परत न्यावं का?

सुनंदाताईंनी मला हेच विचारलं. नेता येतं. जुन्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरायचा आणि आधीची बँक म्हणून पोस्टाचं नाव लिहायचं. पण मग लाडक्या बहिणीचे पैसेही तिकडे वळतील, कारण वही एकच. सबसिडी इकडे आणि हप्ता तिकडे असं करता येत नाही. जुन्या बँकेत एंट्री मारायला अर्धा दिवस मोडतो, पोस्टमनदादा दारात येतात. त्यांनी जरा विचार केला आणि राहू दे म्हणाल्या. मुलाचा नवा नंबर तेवढा पोस्टात आणि आमच्याकडे बदलून घेतला.

पुढच्या महिन्यात त्या टाकी बुक करायला आल्या, तेव्हा गॅसच्या पुस्तकाच्या आतल्या बाजूला निळ्या पेनानं लिहून आणलं होतं: "गॅसचे पैसे पोस्टात. काढताना शिल्लक विचारणे."